एसीचं महिन्याचं बिल: पाटीवरच्या वॅटपासून स्लॅबपर्यंतचा हिशेब

परभणीला माझ्या बहिणीच्या घरी मागच्या उन्हाळ्यात पहिला एसी बसला. दीड टनाचा, थ्री स्टार, इन्व्हर्टर. दुकानदाराने दाजींना काउंटरवरच कागदाच्या चिटोऱ्यावर हिशेब करून दिला होता: रोजची पाच युनिटं, युनिटला आठ रुपये, म्हणजे दिवसाला चाळीस आणि महिन्याला बाराशे. मे महिन्याचं बिल आलं ते चार हजार तीनशेच्या आसपास. त्याच्या आदल्या वर्षी, कुलरवर, ते दोन हजारांच्या आत होतं. ताईचा फोन आला, "दादा, मीटरच पळायलंय बघ. तक्रार करावी का?"

मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे असे फोन मला दर जूनमध्ये येतात. मीटर पळत नसतं, निदान दहातल्या नऊ वेळा तरी. चुकलेला असतो तो चिटोऱ्यावरचा हिशेब, आणि तो दोन ठिकाणी चुकलेला असतो. एक तर पाच युनिटं हा आकडा कुठून आला ते कुणी विचारत नाही. दुसरं, आठ रुपये. एसीचं युनिट आठ रुपयांना पडत नाही. ते का, हे कळलं की पुढचा सगळा हिशेब घरबसल्या करता येतो. ताईच्याच घराचे आकडे घेऊन तो इथे मांडतो.

पाटीवरचा कोणता आकडा घ्यायचा

एसीच्या बाहेरच्या युनिटवर, बाजूला, एक चंदेरी किंवा पांढरी पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन वॅट लिहिलेले असतात आणि बरेच जण चुकीचा उचलतात. दीड टनाच्या मशीनवर एक आकडा पाच हजार किंवा बावन्नशेच्या घरातला असतो. ती थंडाव्याची क्षमता, म्हणजे खोलीतून किती उष्णता बाहेर फेकली जाते ते. दुसरा आकडा चौदाशे ते सतराशेच्या दरम्यान असतो आणि त्याच्या शेजारी इनपुट असा शब्द असतो. वीज खातो तो हा. एसी उष्णता तयार करत नाही, आतली उचलून बाहेर टाकतो, म्हणून दीड हजार वॅट वीज खर्चून तो पाच हजार वॅट उष्णता हलवू शकतो. एकदा एका गृहस्थांनी पाच हजारांचा आकडा धरून महिन्याचं बिल वीस हजारांवर काढलं होतं आणि आलेला एसी परत पाठवायला निघाले होते.

टन हा तर विजेचा आकडाच नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. तो साधारण साडेतीन किलोवॅट थंडावा होतो. टनावरून बिल काढता येत नाही.

ताईच्या एसीवर इनपुट १,५०० वॅट आहे. एसी रात्री दहाला लागतो आणि सकाळी सातला बंद होतो, म्हणजे नऊ तास. शाळेतलं गणित असं:

```
युनिट = वॅट × रोजचे तास × दिवस ÷ १०००
      = १५०० × ९ × ३० ÷ १००० = ४०५
```

हे ४०५ म्हणजे वरची मर्यादा आहे. कॉम्प्रेसर नऊच्या नऊ तास पूर्ण ताकदीने चालला तर एवढी युनिटं लागतील. तसा तो चालत नाही. खोली थंड झाली की जुन्या पद्धतीचा एसी कॉम्प्रेसर बंद करतो, आतला पंखा तेवढा फिरत राहतो, आणि थोड्या वेळाने परत चालू होतो. इन्व्हर्टर बंद होत नाही, वेग कमी करतो. त्यामुळे ४०५ ला कशाने तरी गुणून खाली आणावं लागतं, आणि ते 'कशाने' हाच खरा प्रश्न आहे.

खोक्यावरच्या स्टारच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. ती १,६०० तासांसाठी असतात. समजा लेबलवर १,००० युनिटं आहेत, तर १,६०० ने भागल्यावर तासाला सव्वासहा दशांश, म्हणजे ०.६२ च्या आसपास येतं. दुकानदाराची पाच युनिटं बहुधा अशीच आली असावीत: तासाला ०.६२ आणि रात्रीचे आठ तास. दोन एसींची तुलना करायला लेबल चांगलं आहे. आपल्याकडच्या मे महिन्याचं बिल काढायला ते कमी पडतं, कारण ती सरासरी वर्षभरातल्या सौम्य तासांनाही धरून काढलेली असते. परभणी, जालना, बीडचा मे त्या सरासरीत बसत नाही. पाटीवरचे वॅटसुद्धा बाहेर ३५ अंश असताना मोजलेले असतात. बाहेर ४३ असेल तर तीच उष्णता बाहेर ढकलायला कॉम्प्रेसरला जास्त जोर लागतो, वीज वाढते आणि थंडावा मात्र कमी होतो.

मीटरलाच विचारा

म्हणून अंदाज करत बसण्यापेक्षा मी ताईला दोन रात्री मीटर बघायला सांगितलं. यात काहीच अवघड नाही. रात्री दहाला, एसी लावायच्या आधी, मीटरच्या पडद्यावर kWh लिहिलेला आकडा दशांशासकट वहीत लिहायचा. पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात, तारीख येते, व्होल्टेज येतं, तेव्हा kWh येईपर्यंत थांबायचं. सकाळी सातला परत लिहायचा.

ताईच्या वहीत रात्रीचे ६४१२.३ आणि सकाळचे ६४२१.५ होते. फरक ९.२ युनिटं. पण ही एकट्या एसीची नाहीत. दोन पंखे, फ्रीज, देवघरातला दिवा, दाजींच्या मोबाइलचा चार्जर, सगळं त्यात आलं. योगायोगाने त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि एक रात्र एसी लावायची गरज पडली नाही. त्या रात्रीचा फरक दोन युनिटं आला. म्हणजे एसीचे ७.२. तीस दिवसांचे २१६.

४०५ पैकी २१६, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. चांगल्या चाललेल्या इन्व्हर्टरला, रात्री, बंद खोलीत, पंचवीस-सव्वीस अंशांवर एवढंच लागायला हवं. ज्यांनी अजून एसी घेतलेला नाही आणि नुसता अंदाज हवा आहे, त्यांनी रात्रीच्या वापराला पाटीवरच्या आकड्याचे पंचावन्न ते साठ टक्के धरावेत. गच्चीच्या खालच्या खोलीला सत्तर धरा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दीडपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. हात वर करून छताला लावून बघा, तव्यासारखं लागतं. जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर पंच्याहत्तरच्या खाली येऊ नका.

रात्रभर थांबायची तयारी नसेल तर आणखी एक युक्ती आहे. मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी imp/kWh असं लिहून एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. याचा अर्थ एका युनिटमध्ये तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं पाच मिनिटांपुरतं बंद करायचं, फ्रीजसुद्धा, आणि एसी एकटा चालू ठेवायचा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजायचं. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणायचं, एक नाही. ही चूक सगळेच करतात.

```
किलोवॅट = ३६०० × लुकलुकी ÷ (imp/kWh चा आकडा × सेकंद)
```

एसी लावून दहा मिनिटं झाल्यावर ताईकडे दहा लुकलुकी साडेसात सेकंदांत झाल्या. ३६,००० भागिले २४,००० म्हणजे दीड किलोवॅट. पाटी खरं बोलत होती. मध्यरात्रीनंतर भाच्याने परत मोजलं, तेव्हा अठरा सेकंद लागले. म्हणजे सव्वासहाशे वॅट. कॉम्प्रेसर हळू झाला होता, खोली थंड झाली होती, सगळं ठीक होतं.

या दुसऱ्या मोजणीचं महत्त्व जास्त आहे. दोन-अडीच तासांनंतरही दिवा पहिल्याच वेगाने लुकलुकत असेल तर मशीनला विसावा मिळत नाहीये. कारणं बहुधा तीन असतात. आपल्याकडच्या धुळीने जाळी बुजलेली असते. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी ती काढून नळाखाली धुवावी लागते, कंपनीच्या माणसाची वाट बघायची गरज नसते. नाहीतर दाराखाली बोटभर फट असते किंवा कुलरसाठी खिडकीची काढलेली काच तशीच राहिलेली असते, आणि एसी गावाला थंड करत बसतो. तिसरं, रिमोटवर अठरा लावलेले असतात. तापलेल्या स्लॅबखाली खोली अठरा अंशांवर कधी जातच नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरला थांबायचं कारणच मिळत नाही. हे तिन्ही नसेल आणि हवाही पुरेशी गार येत नसेल तर गॅस कमी झाल्याची शंका घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

एसीचं युनिट किती रुपयांना

आता आठ रुपयांकडे येऊ. लोक बिलाची रक्कम युनिटांनी भागतात आणि आलेला दर एसीला लावतात. चूक इथे होते.

घरगुती बिलात युनिटांचे चार टप्पे असतात: पहिली १००, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढची. प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा आणि चढता. पंखा, फ्रीज, टीव्ही, मिक्सर तुमच्या घरात आधीपासून आहेतच. खालचे स्वस्त टप्पे ते खाऊन बसलेले असतात. एसी नंतर आला, त्यामुळे त्याची युनिटं त्यांच्या डोक्यावर रचली जातात, महागड्या टप्प्यांत. पंगतीत उशिरा आलेल्याला शेवटच्या पानावर बसावं लागतं, तसंच. म्हणून एसीचा खर्च काढायचा तर एसीशिवायचं बिल आणि एसीसकटचं बिल अशी दोन बिलं मांडायची आणि वजाबाकी करायची. यापेक्षा सोपी वाट नाही.

दर तुमच्या बिलावरूनच घ्या, ते वर्षागणिक बदलतात. बिलात वीज आकार आणि वहन आकार असे दोन वेगळे दर असतात. दोन्ही युनिटागणिक लागतात, म्हणून त्यांची बेरीज करायची. नुसता वीज आकार धरला की हिशेब दर युनिटला रुपया-दीड रुपयाने खाली जातो. इंधन समायोजन आकार एखाद्या महिन्यात लागलेला असतो, असेल तर तोही मिळवा. आकडेमोड डोक्यात बसावी म्हणून मी इथे दोन्ही आकार मिळून गोल दर धरतो: पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १४, चौथ्याला १६.

ताईकडे एसीआधीच्या मे महिन्यात १८८ युनिटं आली होती. पण त्यात कुलर होता. दोनशे वॅटचा कुलर रात्रीचे आठ तास चालला तर महिन्याची ४८ युनिटं होतात, आणि आता तो माळ्यावर गेला. म्हणजे एसी सोडून घराचा खरा वापर १४०. त्यावर एसीची २१६ चढवली की ३५६.

एसीशिवायची १४० युनिटं: पहिली शंभर सहाने, म्हणजे ६००. उरलेली चाळीस अकराने, म्हणजे ४४०. एकूण १,०४०.

एसीसकट ३५६: पहिली शंभर ६००, पुढची दोनशे अकराने २,२००, वरची छप्पन्न चौदाने ७८४. एकूण ३,५८४.

फरक २,५४४. यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, कारण ते रकमेवर टक्क्यांनी असतं आणि रक्कम वाढली की तेही वाढतं. ४०७ रुपये. म्हणजे ताईच्या एसीचा महिन्याचा रात्रीचा खर्च २,९५१ रुपये. २१६ युनिटांनी भागा, युनिटला तेरा रुपये सहासष्ट पैसे पडले.

दुकानदाराचे आठ रुपये कुठे आणि हे कुठे. त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. कुणाच्या तरी बिलाची सरासरी त्याच्या डोक्यात होती, एवढंच.

स्थिर आकार मी या वजाबाकीत धरलेला नाही. तो एसी असो वा नसो द्यावाच लागतो, दोन्ही बाजूंना सारखाच येतो. आणि कुलर गेल्याचा फायदा धरून आदल्या मेपेक्षा बिल किती वाढलं असं विचाराल, तर १८८ युनिटांचं १,५६८ आणि ३५६ चं ३,५८४, फरक २,०१६, शुल्कासकट २,३३९ रुपये. एसीला किती लागतं याचं उत्तर २,९५१ आहे, आणि कुलरऐवजी एसी लावल्याने खिशाला किती जास्त लागतं याचं उत्तर २,३३९. दोन प्रश्न वेगळे आहेत. घरातली भांडणं बरेचदा याच्यावरच होतात की एक जण एक उत्तर धरून बसतो आणि दुसरा दुसरं.

(कुलर स्वस्त आहेच. पण त्याला पाणी लागतं, आणि आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत कुलरची टाकी भरणं म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. शिवाय जून उजाडून हवेत दमटपणा आला की कुलर नुसती ओली हवा फेकतो.)

दुपारचे तीन तास

जूनच्या बिलाआधी ताईने विचारलं, "सासूबाईंना दुपारी दोन ते पाच लावून दिला तर? तीनच तास तर आहेत."

तीनच तास, पण ते दुपारचे. बाहेर ४२-४३, पश्चिमेची भिंत तापलेली, स्लॅब तापलेला. भाच्याने चार वाजता दिवा मोजला तेव्हा वेग जवळजवळ सुरुवातीसारखाच होता, तासाला १.४ युनिट धरायला हरकत नव्हती. दिवसाला ४.२, महिन्याला १२६. आणि ही युनिटं ३५६ च्या डोक्यावर बसणार, म्हणजे सगळीच्या सगळी चौदाच्या टप्प्यात. १,७६४ रुपये, शुल्क धरून २,०४६.

रात्रीच्या नऊ तासांना महिन्याला २,९५१, म्हणजे तासाला साधारण अकरा रुपये. दुपारच्या तीन तासांना २,०४६, म्हणजे तासाला पावणेतेवीस. दुपट्टीहून जास्त. यातला मोठा वाटा उन्हाचा आहे आणि थोडा रचण्याच्या क्रमाचा. दुपारची युनिटं आधी मोजली आणि रात्रीची वर चढवली तर रात्र जरा महाग आणि दुपार जरा स्वस्त दिसेल, बेरीज तीच राहील. पण नवीन सवय लावायची की नाही हे ठरवताना जे नंतर येतंय ते वरच धरावं लागतं. तुमच्याकडे स्मार्ट मीटर असेल आणि बिलात दिवसाच्या वापराची सवलत वेगळ्या ओळीत दिसत असेल, तर ती या दुपारच्या आकड्यातून वजा करा.

एकूण युनिटं आता ४८२ झाली. पाचशेला अठराच कमी. जूनमध्ये पाहुणे आले आणि बैठकीतही कुलर लागला, तर चौथा टप्पा सुरू होणार. इथे एक गैरसमज खोडून काढतो, कारण तो मला शिकलेल्या माणसांकडूनही ऐकायला मिळतो: ५०१ वं युनिट आलं की सगळ्या पाचशे युनिटांना वरचा दर लागतो, असं नाही. वरचा दर फक्त त्या वरच्या युनिटांना. त्यामुळे महिनाअखेरीला ४९५ वर आल्यावर घाबरून रात्रभर उकाड्यात तळमळायचं काही कारण नाही.

शेवटी आम्ही असं ठरवलं की सासूबाईंसाठी दुपारी जुना कुलर माळ्यावरून खाली काढायचा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. दोनशे वॅट, तीन तास, महिन्याला अठरा युनिटं. चौदाच्या टप्प्यात शुल्कासकट २९२ रुपये.

बचतीचं युनिट वरून निघतं

चढताना जे झालं तेच उतरताना होतं, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग असतं.

रिमोटवरचा एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे स्टारचे एसी चालू करताना आपोआप २४ वर येतात ते याच हिशेबाने. ताईकडे मोजणीच्या रात्री एसी २५ वर होता. तो २८ वर नेऊन वरचा पंखा एकवर ठेवला तर तीन अंशांचे अठरा टक्के, २१६ पैकी ३९ युनिटं. ती सगळी चौदाच्या टप्प्यातून कमी होतात: ५४६ रुपये, शुल्कासकट ६३३. युनिटं अठरा टक्के कमी झाली आणि एसीचा खर्च एकवीस टक्क्यांहून जास्त उतरला. २८ वर झोप येणार नाही असं दाजी ठाम म्हणत होते. पंखा चालू ठेवून झोपले, पहाटे चादर ओढून घेतली. आता २७ वर तह झालाय.

याच कारणाने फाइव्ह स्टारचा हिशेबही घराघरात वेगळा येतो. समजा थ्री स्टारच्या लेबलवर १,००० आणि फाइव्ह स्टारच्या लेबलवर ७८० युनिटं आहेत. फरक २२०, पण तो १,६०० तासांचा. रात्रीपुरता, मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत एसी चालवणाऱ्याचे सातशे-आठशे तास होतात, म्हणजे फरक शंभर-एकशेदहा युनिटांचा. अकरा आणि चौदाच्या टप्प्यांत शुल्कासकट तो वर्षाला दीड हजाराच्या आसपास जातो. किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो निघायला पाच-साडेपाच वर्षं. ज्यांच्या घरात दिवसरात्र एसी चालतो आणि बिल पाचशेच्या वर खेळतं, त्यांना तो फरक दोन वर्षांतही निघतो. ताईला मी थ्री स्टारच घ्यायला सांगितलं होतं आणि अजूनही तेच सांगेन.

बिल आल्यावर काय ताडून बघायचं

सगळा हिशेब नीट करूनही बिल जुळत नाही, तेव्हा आधी मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्या तारखा बघा. रीडिंग ३० दिवसांनी न होता ३६ दिवसांनी झालं असेल तर युनिटं तेवढी जास्त दिसणारच. एकूण युनिटांना दिवसांनी भागा आणि तीसने गुणा, मगच आपल्या अंदाजाशी ताडा.

मग बिलावरचा मीटरचा फोटो आणि चालू रीडिंगचा आकडा एकच आहे का ते बघा. माझ्याच घरी एकदा रीडिंग न घेता सरासरीवर बिल आलं होतं, हिवाळ्याच्या सरासरीवर, एप्रिलमध्ये. बिल लहान म्हणून मी खूश. मे महिन्यात दोन महिन्यांची युनिटं एकदम दिसली. अशा वेळी ती युनिटं दोन महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याचे टप्पे वेगळे लावलेत का हे तपासायचं. सगळी एकाच महिन्यात कोंबली असतील तर वरच्या टप्प्याचे पैसे फुकट जातात, आणि बिल दुरुस्तीचा अर्ज करायचा तो याच मुद्द्यावर.

हे दोन्ही बरोबर असेल आणि तरीही मीटरवर शंका असेल, तर लाल दिव्याचीच परीक्षा परत करा, पण एसीने नाही. एसीचे वॅट हलत राहतात. पाणी तापवायची हजार वॅटची रॉड बादलीत सोडा, बाकी सगळं बंद करा, आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात बघा. ३२०० च्या मीटरवर सव्वाअकराच्या आसपास यायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर रॉड कमी वीज ओढते आणि सेकंद वाढतात, म्हणून मीटरच्या पडद्यावरचं व्होल्टेजही त्याच वेळी टिपून घ्या. व्होल्टेज २३० च्या जवळ असताना दहा लुकलुकी आठ-नऊ सेकंदांतच होत असतील तर मीटर तपासणीचा अर्ज द्यायला हरकत नाही. ताईकडे साडेअकरा आले. मीटर पळत नव्हतं.

रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून बघू नका, हे भाच्याला सांगावं लागलं.